दोन करणींची बेरीज

संख्येच्या न सुटणाऱ्या वर्गमुळाला आपल्याकडे ‘करणी’ म्हणत. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (इ. स. ११५०) करणींच्या बेरजेची रीत आहे: दोन्ही संख्या मिळवाव्यात आणि त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट त्यांत घालावी. २ व ८ घेतल्यास १० आणि ८ मिळून १८; म्हणजे √2 + √8 = √18. ही बेरीज x² − 18 = 0 या समीकरणाचे मूळ झाली.

परंतु २ व ३ यांचा गुणाकार ६ हा पूर्ण वर्ग नाही. येथे एक करणी होत नाही. मग पूर्णांक सहगुणकांचे लहानात लहान घाताचे समीकरण कोणते?

x = √2 + √3 मानू. वर्ग केला की x² = 5 + 2√6. करणी एकटी ठेवून x² − 5 = 2√6 असे लिहू आणि पुन्हा वर्ग करू. मग x⁴ − 10x² + 1 = 0.

याहून लहान समीकरण असते, तर त्याच्याशी सामाईक अवयव निघून हे फुटले असते. याची मुळे ±√2 ± √3 अशी चार. प्रत्येकाच्या वर्गात √6 येते, म्हणून एकही परिमेय नाही. एक किंवा तीन घातांचा अवयव निघत नाही. दोन घातांचा असेल, तर जोडीची बेरीज व गुणाकार परिमेय हवेत. आपल्या मुळाशी √2 − √3 घेतल्यास बेरीज 2√2 येते, √3 − √2 घेतल्यास 2√3. −√2 − √3 घेतल्यास बेरीज शून्य होते, पण गुणाकार −(5 + 2√6) येतो. तिन्ही जोड्या फसल्या. म्हणून घात चारच.

दोन्ही संख्या स्वतः पूर्ण वर्ग नसतील, तर कसोटी आचार्यांचीच: गुणाकार पूर्ण वर्ग असल्यास घात दोन, नसल्यास चार.