बारा लाखांचे अडतीस लाख

मुलगी आज तीन वर्षांची आहे. पंधरा वर्षांनी ती अठरा वर्षांची होईल आणि तिला इंजिनिअरिंगला घालायचं, असं घरात ठरलं आहे. पुण्यातल्या एखाद्या खासगी कॉलेजचा आजचा खर्च मांडू. ट्यूशन आणि डेव्हलपमेंट फी मिळून वर्षाला 1 लाख 60 हजार, वसतिगृह आणि मेस 1 लाख 10 हजार, पुस्तकं, लॅपटॉप आणि जाण्यायेण्याचे 30 हजार. हे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत, पण असे बजेट बाळगणारी घरं पुष्कळ आहेत. म्हणजे वर्षाला 3 लाख आणि चार वर्षांचे 12 लाख.

बहुतेक पालक इथेच थांबतात. पंधरा वर्षांत 12 लाख जमवायचे, तर 10 टक्के परतावा धरून महिन्याला जेमतेम 3 हजार रुपये लागतात. तेवढी एसआयपी सुरू केली की जबाबदारी पार पडल्यासारखं वाटतं. पण कॉलेजची फी पंधरा वर्षं आपल्यासाठी जागच्या जागी थांबत नाही. ती दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढली, तर साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते आणि पंधरा वर्षांत 3.17 पट. आजचे 12 लाख तेव्हा 38 लाख झालेले असतील. 3 हजारांच्या बचतीतून हातात येणारे 12 लाख त्यातली एक तृतीयांश गरजही भागवणार नाहीत. चारही वर्षांची फी एकदम भरायची नसते, हे खरं. पण पुढच्या तीन वर्षांत फीही वाढत जाते आणि उरलेल्या पैशावर व्याजही मिळतं, त्यामुळे पहिल्या प्रवेशाच्या वेळी 38 लाखांच्या आसपास हाताशी असावेत हा हिशेब टिकतो.

यातला 8 टक्क्यांचा आकडा सगळ्यात नाजूक आहे. बातम्यांत येणारा महागाईचा दर इथे उपयोगाचा नाही, कारण त्यात भाजीपाला आणि धान्याचा वाटा मोठा असतो. आपल्याला हव्या त्या अभ्यासक्रमाची फी दहा वर्षांपूर्वी किती होती ते शोधावं. महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती आपल्या संकेतस्थळावर जाहीर करतं, त्यामुळे निदान अलीकडच्या वर्षांची तुलना घरबसल्या करता येते. फी दहा वर्षांत दुप्पट झाली असेल तर दर सव्वासात टक्क्यांच्या आसपास येतो, अडीच पट झाली असेल तर साडेनऊच्या पुढे.

शिवाय फी दरवर्षी थोडी थोडी वाढेलच असं नाही. आयआयटीची बी.टेक.ची वार्षिक ट्यूशन फी 2013 मध्ये 50 हजारांवरून 90 हजार झाली आणि 2016 मध्ये एकदम 2 लाख. त्यानंतर बरीच वर्षं ती तिथेच राहिली. सरासरीच्या दराने केलेला हिशेब अशा उडीच्या वर्षी कमी पडतो, म्हणून तो एकदा करून फाइलला लावून ठेवण्याचा नव्हे.

आता महिन्याची रक्कम. ती दोन दरांतल्या फरकावर ठरते: फी किती वेगाने वाढते आणि आपला पैसा किती वेगाने वाढतो. दोन्ही 8 टक्के असतील तर व्याजाने आपलं काहीच हलकं होत नाही, फी जितकी पुढे जाते तितकाच पैसा जातो. बँकेतल्या मुदत ठेवीवर 7 टक्के व्याज मिळालं आणि पालक 20 टक्क्यांच्या करपट्टीत असतील, तर हातात साडेपाच टक्क्यांच्या थोडंसंच वर उरतं. म्हणजे फीच्या मानाने पैसा दरवर्षी मागे पडतो. त्या मार्गाने 38 लाख जमवायला महिन्याला 13,700 रुपये लागतील. पीपीएफमध्ये एप्रिल 2020 पासूनच्या करमुक्त 7.1 टक्के दराने साधारण 12,100. शेअर बाजाराशी जोडलेल्या म्युच्युअल फंडातून करपश्चात सरासरी 10 टक्के मिळाले तर 9,550. या शेवटच्या आकड्याची हमी कोणी देत नाही.

स्वतःचे आकडे टाकून पाहायला एक्सेलमध्ये एवढी एक ओळ पुरते:

```
=PMT(1.10^(1/12)-1,180,0,-3806600)
```

यात 1.10 म्हणजे 10 टक्के परतावा, 180 म्हणजे पंधरा वर्षांचे महिने आणि शेवटी गाठायची रक्कम. 180 ऐवजी 120 घातलं, म्हणजे मुलगी आठ वर्षांची झाल्यावर सुरुवात केली, तर 9,550 चे 19,050 होतात. पाच वर्षांच्या उशिराने हप्ता दुप्पट झाला. आज 9,550 झेपत नसतील तर 7,250 पासून सुरुवात करून दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढवत नेलं तरी तीच रक्कम गाठता येते. शेवटच्या वर्षीचा हप्ता 14,300 च्या आसपास जाईल, पण तोवर पगारही वाढलेला असतो.

मुलीसाठी सुकन्या समृद्धीचा विचार हमखास होतो. जानेवारी 2024 मध्ये तिचा दर 8.2 टक्के झाला, व्याज करमुक्त आहे, योजना चांगलीच आहे. पण खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी ते परिपक्व होतं. आपल्या उदाहरणातली मुलगी तेव्हा चोवीस वर्षांची असेल. शिक्षणासाठी त्याआधी पैसे काढता येतात, मात्र मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्मेच. सगळी भिस्त सुकन्यावर ठेवणाऱ्यांना प्रवेशाच्या जूनमध्ये ही मर्यादा कळली तर फार उशीर झालेला असतो. ठरावीक प्रवर्गांतल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना राज्य सरकारने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. त्याचा मोठा आधार आहे, पण वसतिगृह आणि मेसचा खर्च त्यात येत नाही, आणि पंधरा वर्षांनी धोरण काय असेल यावर आजचा हिशेब बेतू नये.

बाजारातल्या पैशाचा धोका शेवटच्या टप्प्यात सर्वांत जास्त. जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांवर गेलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये 8 हजारांच्या आसपास होता. प्रवेशाला एक वर्ष उरलं असताना असं झालं तर वाट पाहायला वेळच नसतो, फीची तारीख ठरलेली असते. म्हणून मुलगी दहावीत आली की दरवर्षी जमा रकमेचा एक तृतीयांश मुदत ठेवीत हलवायला लागावं.

आणि दर जूनमध्ये त्याच अभ्यासक्रमाची नवी फी पाहून हिशेब पुन्हा करावा. समजा पाच वर्षांनी 10 टक्के परताव्याने आपल्याकडे 7 लाख 30 हजार जमले आहेत. अंदाजाप्रमाणे तेव्हा शिक्षणाचा खर्च 17 लाख 60 हजार व्हायला हवा होता, पण तो 20 लाख झालेला दिसला. म्हणजे गाठायची रक्कम 43 लाखांवर गेली, आणि हप्ता 9,550 वरून 12,100 करावा लागेल. महिन्याला अडीच हजारांची ही वाढ आठव्या वर्षी कळली तर झेपते. या आठवड्यात तुमच्या मनातल्या कॉलेजची यंदाची फी शोधा आणि तो आकडा तारखेसह लिहून ठेवा.