१२० अधिक १७५ बरोबर २३०

काचेचा जुना १०० वॉटचा बल्ब आणि ट्यूबलाइटचा तांब्याच्या तारेचा चोक एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडून २३० व्होल्टच्या सप्लायवर लावला, की बल्ब मिणमिणता पेटतो. आता मल्टिमीटर एसीवर ठेवून बल्बच्या दोन टोकांमध्ये बघा. समजा, १२० व्होल्ट आले. चोकवर १७५ आले. बेरीज २९५. पण सप्लाय तर २३०च! वरचे ६५ व्होल्ट आले कुठून?

ते कुठूनच आलेले नाहीत. मीटर खरे सांगतो, पण अर्धेच सांगतो. एसी व्होल्टेज सतत चढत-उतरत असते. आपल्याकडे एक फेरी २० मिलिसेकंदांत पुरी होते. मीटर दाखवतो ती त्या चढउताराची परिणामी किंमत. प्रत्यक्ष शिखर तिच्या १.४१४ पट उंच असते. म्हणजे बल्बवरचे व्होल्टेज १७० पर्यंत चढते आणि चोकवरचे सुमारे २४७ पर्यंत. मात्र ही दोन शिखरे एका वेळी येत नाहीत. बल्बमध्ये व्होल्टेज आणि करंट बरोबरीने चढतात. चोकमध्ये व्होल्टेज पुढे धावते आणि करंट मागून येतो. दोघांतून करंट एकच वाहत असल्यामुळे चोकचे शिखर बल्बच्या आधी येते. पूर्ण फेरीचे ३६० अंश धरले, तर इथे ते ७९ अंश, म्हणजे सुमारे ४.४ मिलिसेकंद आधी येते. चोक आदर्श असता तर हे अंतर ९० अंश झाले असते. पण त्याच्या तारेला रोध असतो आणि लोखंडी पट्ट्याही तापतात, म्हणून ते थोडे कमी भरते.

कुठलाही एक क्षण पकडला तर त्या क्षणीच्या दोन व्होल्टेजांची बेरीज सप्लायइतकीच येते, तिथे साधे गणित चुकत नाही. चुकते ते वेगवेगळ्या वेळच्या शिखरांची बेरीज करण्यात.

प्रत्येक क्षणाची बेरीज मांडून आलेख काढता येईल, पण ते फार किचकट काम. त्याऐवजी प्रत्येक व्होल्टेजसाठी एक बाण काढायचा. लांबी म्हणजे व्होल्टेज, दिशा म्हणजे कोन. हाच फेजर. १८९३ मध्ये चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी शिकागोच्या विद्युत परिषदेत एसीची अशी आकडेमोड संमिश्र संख्यांनी करण्याची रीत मांडली, आणि पानभर त्रिकोणमिती चार ओळींत मावू लागली.

बल्बचा बाण आडवा, १२० लांबीचा. चोकचा बाण त्याच्या टोकापासून ७९ अंशांत वर, १७५ लांबीचा. या तिरक्या बाणाचे दोन भाग पाडू: आडवा भाग १७५ गुणिले कोसाइन ७९, म्हणजे ३३.४, उभा भाग १७५ गुणिले साइन ७९, म्हणजे १७१.८. एकूण आडवे १५३.४, उभे १७१.८. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की येतात २३०.३ व्होल्ट. सप्लाय सापडला! उभ्याला आडव्याने भागून टॅन इन्व्हर्स घेतला की ४८.२ अंश. म्हणजे एकूण व्होल्टेज बल्बच्या ४८.२ अंश पुढे आहे आणि त्याचे शिखर ३२६ व्होल्टचे.

पडताळा हवा? त्या शिखराच्या क्षणी बल्बवर ११३ आणि चोकवर २१३ व्होल्ट असतात. बेरीज ३२६.

पण ७९ अंश कळले कसे? साधा मल्टिमीटर कोन दाखवत नाही. इथे तीन व्होल्टेजांचाच त्रिकोण कामी येतो. २३० च्या वर्गातून १२० आणि १७५ चे वर्ग वजा करा, उरलेल्या ७,८७५ ला १२० आणि १७५ च्या गुणाकाराच्या दुपटीने, म्हणजे ४२,००० ने भागा. ०.१८७५ हा त्या कोनाचा कोसाइन. कोन सुमारे ७९ अंश. मात्र रीडिंग पटापट घ्या. मधल्या वेळात सप्लाय २२० वर आला आणि बाकीचे दोन आकडे जुनेच राहिले, तर कोन एकदम ८५ अंश निघतो.

कॅल्क्युलेटरही दोन ठिकाणी फसवतो. तो रेडियनवर असेल तर उत्तर भलतेच येते, ते निदान लगेच लक्षात येते. दुसरी चूक लपून राहते: एकूण आडवा भाग उणे असेल, तेव्हा टॅन इन्व्हर्स बाण उलट्या दिशेला दाखवतो आणि त्यात १८० अंश मिळवावे लागतात. आकृती काढणाऱ्याला हे नुसते बघून कळते, म्हणून हातचा कच्चा त्रिकोण हवाच.

एक अट मात्र आहे. दोन्ही व्होल्टेजांची वारंवारता एकच हवी आणि लहर साइन आकाराची हवी. बल्बऐवजी ट्यूबलाइट लावली तर नळीवरचे व्होल्टेज चपट्या माथ्याचे होते, आणि हा त्रिकोण नेमका जुळत नाही. प्रयोग करायचाच असेल तर आयटीआयच्या किंवा पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत, जाणकारासमोर करा. घरच्या उघड्या तारांवर नको.