प्राणवायू असूनही साखर अर्धवट का जाळायची?

1920च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वॉरबुर्ग उंदरांच्या कर्करोगाच्या गाठींचे अगदी पातळ काप घेऊन प्रयोग करत होते. बायकार्बोनेट आणि ग्लुकोज मिसळलेल्या द्रावणात काप ठेवायचा, भांडे बंद करायचे आणि त्याला जोडलेल्या नळीतला दाब पाहायचा. पेशींनी लॅक्टिक आम्ल सोडले की द्रावणातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि दाब वाढतो. भरपूर प्राणवायू दिला तरी गाठीचे काप आम्ल सोडतच राहिले.

हे चक्रावून टाकणारे होते. ग्लुकोजच्या एका रेणूचे ग्लायकोलिसिसने तुकडे करून पुढे लॅक्टेट बनवले, तर पेशीला एटीपीचे, म्हणजे ऊर्जेच्या चलनाचे, फक्त 2 रेणू मिळतात. तेच ग्लुकोज मायटोकॉन्ड्रियात पूर्ण जाळले तर सुमारे 30 मिळतात. वॉरबुर्ग यांनी निष्कर्ष काढला की कर्कपेशींची श्वसनयंत्रणाच बिघडलेली असते. तो टिकला नाही. बहुतेक कर्कपेशींचे मायटोकॉन्ड्रिया व्यवस्थित चालतात आणि प्राणवायूही वापरतात.

मग खरे कारण काय? वाढणाऱ्या पेशीला नुसती ऊर्जा पुरत नाही, नवी पेशी उभारायला माल लागतो, हे उत्तर आपण नेहमी ऐकतो. ते अपुरे आहे. माल हवा असेल, तर ग्लुकोजमधला कार्बन लॅक्टेट करून बाहेर का टाकायचा?

मला पटणारा खुलासा एनएडी या छोट्या रेणूपाशी सापडतो. डीएनएचे घटक किंवा सेरीनसारखी अमिनो आम्ले तयार करताना इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, आणि ते एनएडी उचलतो. इलेक्ट्रॉन घेतलेला एनएडी रिकामा झाला नाही, तर काम अडते. मायटोकॉन्ड्रिया त्याला रिकामा करू शकतात, पण ते काम एटीपी बनवण्याशी जोडलेले असते. ते इलेक्ट्रॉन पुढे नेताना पडद्यापलीकडे प्रोटॉन साठवतात, आणि एटीपी खर्च होत नसेल तर हा साठा भरल्या धरणासारखा तुंबतो. मग इलेक्ट्रॉनांचा प्रवाहही मंदावतो. पायरुव्हेटचे लॅक्टेट करताना मात्र एटीपीचा संबंध न येता एनएडी लगेच मोकळा होतो.

हे पडताळून पाहता आले. 2021 साली अमेरिकेतल्या मॅथ्यू व्हँडर हायडन यांच्या गटाने पायरुव्हेट जबरदस्तीने मायटोकॉन्ड्रियात वळवले, तेव्हा पेशींची वाढ मंदावली. त्यांना पडद्याला गळती लावणारे रसायन दिल्यावर, म्हणजे एटीपीशिवाय प्रोटॉनांना वाट मिळाल्यावर, वाढ पुन्हा सुधारली. अडचण ऊर्जेच्या तुटवड्याची नव्हती.

ही सवय एकट्या कर्करोगाची नाही. संसर्गाशी लढताना झपाट्याने वाढणाऱ्या टी-पेशीही असेच करतात. त्यामुळे किरणोत्सारी ग्लुकोजसदृश रेणू टोचून केलेल्या पेट स्कॅनमध्ये क्षयाची गाठही चमकू शकते, तर प्रोस्टेटचे काही कर्करोग फिके दिसतात. आपल्याकडे क्षयरोग भरपूर असल्याने चमकलेल्या गाठीला कर्करोग ठरवण्याआधी डॉक्टर बहुधा बायॉप्सी करून घेतात.