काळ्या मातीतला कर्ब आणि प्रकाशाची परीक्षा

विदर्भ-मराठवाड्यातली काळी जमीन पाहिली की तिच्यात सेंद्रिय कर्ब भरपूर असणार असं वाटतं. प्रत्यक्षात तो बहुतेक शेतांत एक टक्क्याच्याही खाली असतो. तो काळा रंग कर्बाच्या प्रमाणाची साक्ष देत नाही. प्रकाशावरून कर्ब ओळखणाऱ्या यंत्राची खरी कसोटी म्हणूनच या मातीत लागते.

माती परीक्षण प्रयोगशाळांत सेंद्रिय कर्ब बहुधा १९३४ सालच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीनं मोजतात. तिला पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं, वेळही जातो. निअर इन्फ्रारेड पद्धतीत माती वाळवून, कुटून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात, तिच्यावर प्रकाश टाकतात आणि कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत आला ते नोंदवतात. या वर्णपटात १४०० आणि १९०० नॅनोमीटरजवळ पाण्याचे ठळक खळगे दिसतात, २२०० जवळ चिकणमातीच्या खनिजांचा, २३४० जवळ चुनखडीचा. सेंद्रिय पदार्थांच्या खुणा मात्र फिकट असतात आणि चुनखडीच्या खळग्यात सहज हरवतात.

म्हणून आधी काही नमुन्यांचा कर्ब रसायनानं मोजून, त्याची वर्णपटाशी सांगड घालावी लागते. समजा, चाळीस शेतांतून प्रत्येकी तीन खोलींवरची माती घेतली: नमुने १२०. प्रत्येकाच्या वर्णपटात मात्र हजारावर आकडे, आणि शेजारशेजारचे आकडे जवळपास सारखेच. इथे साधं समीकरण कोलमडतं. पार्शियल लीस्ट स्क्वेअर्स ही रीत त्या हजार आकड्यांतून, कर्बाबरोबर कमीजास्त होणारे मोजके घटक गुंफते. पाच-सात घटकांपर्यंत चूक घटते; पुढे वाढवत गेलं तर समीकरण मातीऐवजी यंत्राचा गोंगाट पाठ करू लागतं. म्हणून काही नमुने बाजूला ठेवून, त्यांच्यावरची चूक जिथे घटायची थांबते तिथेच थांबायचं.

सगळ्यात मोठी फसगत मात्र हे नमुने बाजूला काढतानाच होते. चिठ्ठ्या टाकून काढले, तर एकाच शेताचा वरचा थर शिकवणीत आणि खालचा परीक्षेत जातो. समीकरण ते शेत ओळखतं, आणि आपण समजतो की कर्ब ओळखला. आपल्या उदाहरणात अशी चूक ०.०७ टक्के आली असं धरू. मग अख्खी शेतंच बाजूला ठेवून तपासलं आणि ती ०.१३ झाली. या नमुन्यांमधला कर्बाचा प्रमाण विचलनच ०.१५ असेल, तर डोळे मिटून प्रत्येक शेताला सरासरी आकडा दिला असता तरी चूक ०.१५ च्या आसपास राहिली असती. म्हणजे समीकरणानं फारसं काही मिळवून दिलं नाही.

अशा वेळी आणखी घटक जोडून उपयोग नसतो. वेगळ्या गावांची, कमी-अधिक चुनखडीची शेतं वाढवावी लागतात आणि प्रयोगशाळेतलं मोजमापही दोनदा करून पाहावं लागतं, कारण तिथली चूक समीकरणातही उतरते. मिनिटभरात कर्ब सांगणारं यंत्र कुणी तुमच्या बांधावर आणलं, तर त्याची अचूकता विचारण्याआधी एवढं विचारा: ज्या शेतांवर हे तपासलं, ती शिकवणीत होती की नव्हती?