शुक्र आठवडा सांगतो, चंद्र दिवस

भांडण होऊन मुलगी माहेरी आली आणि चार-सहा महिने उलटले की घरातले कोणीतरी पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे जाते. विचारायचे एकच असते: दोघांचे पुन्हा कधी जुळेल?

हा ‘कधी’ गोचरावरून, म्हणजे ग्रहांच्या चालू भ्रमणावरून काढतात. दोघांच्या जन्माच्या वेळी शुक्र आणि चंद्र कोणत्या राशीत किती अंशांवर होते ते आधी टिपायचे. मग आजचे शुक्र-चंद्र त्याच अंशांवर किंवा बरोबर समोरच्या राशीत तेवढ्याच अंशांवर केव्हा येतात, ते पंचांगात शोधायचे. शुक्र दांपत्यसुखाचा कारक मानला जातो आणि चंद्र मनाचा, म्हणून या प्रश्नाला हे दोघे घेतात. एरवी शुक्राला एक राशी ओलांडायला तीन-चार आठवडे लागतात, चंद्राला सव्वादोन दिवस. त्यामुळे शुक्रावरून आठवडा ठरतो आणि त्या आठवड्यातला दिवस चंद्रावरून.

एक कल्पित जोडपे घेऊ. पत्नीचा जन्मशुक्र मीन राशीत १० अंशांवर आहे, पतीचा जन्मचंद्र कन्येत १२ अंशांवर, म्हणजे हस्त नक्षत्रात. दोघे जानेवारी २०२५पासून वेगळे राहत आहेत. त्या वर्षी शुक्र २ मार्चला मीनेत वक्री झाला आणि १३ एप्रिलला मार्गी. त्यामुळे मीनेच्या १० अंशांवरून तो तीनदा गेला: १० फेब्रुवारीच्या सुमारास, मग उलटा येताना २० मार्चच्या आसपास आणि शेवटी मेच्या पहिल्या आठवड्यात. ज्योतिषी तिन्ही वेळा सारख्या धरत नाहीत. पहिल्या खेपेला विषय निघतो असे मानतात. दुसऱ्या खेपेला शुक्र वक्री होता, शिवाय सूर्याजवळ आल्याने अस्तंगत. अशा वेळी बोलणी झाली तरी जुनेच उगाळले जाते, असा त्यांचा अनुभव ते सांगतात. भर तिसऱ्या खेपेवर. ९ मे रोजी चंद्र हस्त नक्षत्रात होता, म्हणजे पतीच्या जन्मचंद्रावर आणि पत्नीच्या जन्मशुक्राच्या समोर. तेव्हा उत्तर निघते: ७ ते १० मे, त्यातही ९ तारीख.

उत्तर नेमके दिसते, पण त्याच क्षणाला दुसरा नियम लावला की ते डळमळते. जन्मराशीपासून मोजायच्या पारंपरिक गोचरात शुक्र सहावा, सातवा आणि दहावा अशुभ धरतात, आणि कन्येपासून मीन सातवी. म्हणजे अंशांचा हिशेब ज्याला भेट म्हणतो, त्यालाच राशीचा हिशेब पतीच्या बाजूने कटकट म्हणतो. शिवाय तेव्हा शनी आणि राहूही मीनेतच होते. म्हणूनच जाणता ज्योतिषी आधी दोघांची दशा पाहतो; दशेत समेट दिसत नसेल तर नुसत्या गोचरावर तारीख देत नाही.

गणितातली चूक बहुतेक वेळा अयनांशात होते. जन्मपत्रिका निरयन, म्हणजे आपल्या पंचांगाची, आणि आजचे ग्रह सायन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचे घेतले, तर सुमारे २४ अंशांचा फरक पडतो. शुक्राची तारीख जवळजवळ तीन आठवड्यांनी हुकते आणि चंद्राची दोन दिवसांनी. जन्मवेळेची शंका मात्र इथे फारशी बाधत नाही. एका तासाने चंद्र अर्धा अंशच सरकतो, शुक्र तर जागचा हललाही नसतो. लग्न मात्र साधारण दोन तासांनी बदलते. म्हणून लग्नावरून ठरणाऱ्या सप्तमेशापेक्षा हे बिंदू जास्त भरवशाचे.

आता खरी अडचण. दोघांचे शुक्र आणि चंद्र मिळून चार बिंदू, त्यांच्या समोरचे चार, असे आठ. चंद्र सत्तावीस दिवसांत या आठांवरून जातो. म्हणजे सरासरी दर तीन-चार दिवसांनी एक ‘योग’ असतोच. समेट झाल्यावर मागे वळून पाहिले तर जवळपास कोणता ना कोणता योग सापडणारच. त्यामुळे तारीख घडण्याआधी लिहून ठेवलेली असेल आणि हुकलेल्या तारखाही मोजलेल्या असतील, तरच पडताळा म्हणता येईल. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात अशी शिस्तशीर चाचणी घेतली होती. विषय वेगळा होता: पत्रिकेवरून मूल हुशार की मतिमंद ते सांगायचे. २७ ज्योतिषांची उत्तरे आली आणि बरोबर निघाली सुमारे ४६ टक्के, नाणेफेकीपेक्षाही थोडी कमी. समेटाच्या तारखांवर यापेक्षा जास्त भरवसा ठेवायला मला आधार दिसत नाही.

तरी कोणाला ९ मेच्या निमित्ताने फोन उचलावासा वाटला तर जरूर उचलावा. पण घरात मारहाण होत असेल तर ते नुसते भांडण नाही. तिथे शुक्र मार्गी होण्याची वाट पाहू नका. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.