लग्नाच्या आदल्या रात्री बंद पडलेली भट्टी

गोव्यातल्या एका बेकरीत लग्नाच्या पावांचे पीठ मळून झाले आणि गॅसची भट्टी बंद पडली. बटण दाबून धरले की ज्योत पेटे, सोडले की विझे. गॅस येत होता. ज्योतीची ऊब ओळखणारे थर्मोकपल बिघडल्याचे हे नेहमीचे लक्षण. नवा भाग सकाळशिवाय मिळणार नव्हता. पीठ मात्र थांबत नाही. फार फुगले तर आंबटते आणि भाजताना बसते. म्हणून पोदेराने गोळे फ्रीजमध्ये ठेवले. ४ अंशांच्या आसपास यीस्टचे काम अगदी मंदावते. पहाटे शेजारच्या पोदेराची लाकडाची भट्टी मोकळी झाली. तळावर टाकलेले चिमूटभर पीठ लगेच काळे पडले, तेव्हा ओल्या फडक्याने तळ पुसून, ताव उतरवूनच पाव आत सरकवले.