‘जमणार नाही’ कळवणारे पत्र

संशोधनाच्या नियतकालिकाकडे शोधनिबंध आला की तो छापण्याजोगा आहे का, हे त्याच विषयातल्या निदान दोन जाणकारांना विचारण्याची पद्धत आहे. हे जाणकार म्हणजे समीक्षक. त्यांना बहुधा मानधन नसते, नावही छापले जात नाही, आणि निबंध नीट वाचून मत लिहायचे तर कित्येक तास जातात. त्यामुळे संपादकाला एकापेक्षा अधिक दारे ठोठवावी लागतात. समीक्षणांची नोंद ठेवणाऱ्या पब्लॉन्सने २०१८ साली एक अहवाल काढला होता. त्यानुसार एक समीक्षण हाती येण्यासाठी २०१३ मध्ये सरासरी १.९ निमंत्रणे पाठवावी लागत. २०१७ मध्ये ती २.४ झाली.

नकार हा अशा रीतीने संपादकाच्या रोजच्या कामाचा भाग झाला आहे. त्याला खरा अडसर वाटतो तो उत्तरच न येण्याचा. निमंत्रण गेल्यावर उत्तराची वाट पाहण्यात आठवडा जातो, मग आठवण करून द्यायची, मग दुसऱ्याला विचारायचे. असे तीन जण ओळीने गप्प राहिले तर निबंध कुणीही न वाचता तीन-चार आठवडे पडून राहतो, आणि तिकडे पीएच.डी.चा एखादा विद्यार्थी त्याच निकालाकडे डोळे लावून बसलेला असतो. एका दिवसात आलेले चार-पाच ओळींचे नकारपत्र हा सगळा काळ वाचवते. त्यात दोन योग्य नावे असली तर संपादकाचे पुढचे पाऊलही सोपे होते.

हे पत्र कसे घडते, ते एका कल्पित पण नेहमी घडणाऱ्या प्रसंगातून पाहू.

पुण्यातल्या एका भूजलशास्त्रज्ञ प्राध्यापिकेला ई-मेल येतो. त्यात शोधनिबंधाचे शीर्षक, लेखकांची नावे आणि सारांश असतो. विषय आहे, दख्खनच्या बसाल्ट खडकातल्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट कुठून येते. तीन आठवड्यांची मुदत आहे. खाली दोन दुवे आहेत, होकाराचा आणि नकाराचा. पूर्ण निबंध होकारानंतरच उघडणार आहे.

विषय त्यांचाच आहे. बसाल्टमध्ये पाणी खडकाच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये साठते, त्यामुळे एकाच गावात शेजारशेजारच्या दोन विहिरींचे पाणी वेगळे निघू शकते, हे त्या वर्षानुवर्षे मोजत आल्या आहेत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर असू नये. ही मर्यादा ओलांडणाऱ्या विहिरीही त्यांच्या पाहण्यात आहेत. पण लेखकांच्या यादीतले तिसरे नाव पाहून त्या थांबतात. त्या संशोधकासोबत त्यांचा एक निबंध दोन वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला आहे, आणि दोघांचा एक प्रकल्प अजून चालू आहे.

अशा नात्याला हितसंबंध म्हणतात. सहलेखक, गुरू-शिष्य, एकाच संस्थेतले सहकारी, पैशाचे व्यवहार असलेले भागीदार आणि उघड स्पर्धक, हे सगळे त्यात येतात. संयुक्त लेखन किती जुने झाले म्हणजे नाते संपले मानायचे, याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. अमेरिकेतली नॅशनल सायन्स फाउंडेशन ही संस्था अनुदानाचे प्रस्ताव तपासताना सहलेखनासाठी ४८ महिने मागे पाहते. दोन वर्षांपूर्वीचा निबंध या मापाने ताजाच ठरतो, आणि चालू प्रकल्पाबद्दल तर प्रश्नच उरत नाही. प्राध्यापिका नकाराचा दुवा उघडतात. कारणाची आणि पर्यायी नावांची चौकट समोर येते. त्या इंग्रजीत जे लिहितात, ते मराठीत साधारण असे होईल:

आदरणीय संपादक,

बसाल्ट क्षेत्रातील विहिरींमधील नायट्रेटविषयीच्या हस्तलिखिताच्या समीक्षणासाठी माझा विचार केल्याबद्दल आभारी आहे. हे समीक्षण मला करता येणार नाही. लेखकांपैकी एकासोबत मी दोन वर्षांपूर्वी निबंध लिहिला आहे आणि आमचे एक काम सध्याही चालू आहे.

पर्याय म्हणून दोन नावे सुचवते. डॉ. अ बसाल्टमधील भूजलावर काम करतात. खडकाच्या भेगांमधून पाणी कसे वाहते, हा त्यांचा विषय आहे. डॉ. ब नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून प्रदूषणाचा उगम शोधतात. दोघांचे संस्थेचे ई-मेल पत्ते सोबत दिले आहेत. लेखकांसोबत त्यांचे संयुक्त लेखन माझ्या पाहण्यात आले नाही. डॉ. ब आणि मी एका परिषदेच्या समितीवर एकत्र होतो. या निमंत्रणाबद्दल मी दोघांशीही बोललेले नाही.

आपली विश्वासू

पत्र एवढेच. त्यात कारण एका वाक्यात उरकले आहे, कारण संपादकाला निर्णयापुरतेच कळायला हवे असते. ‘काही अडचणींमुळे’ असे मोघम लिहिले असते तर नाते दडलेले राहिले असते आणि पुढच्या वेळी त्याच लेखकाचा निबंध पुन्हा त्यांच्याकडेच आला असता. हितसंबंधाचे कारण म्हणून उघड सांगावे लागते. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर मात्र तपशील देण्याची गरज नाही. ‘या मुदतीत शक्य नाही’ इतके पुरते.

निबंध चांगला की वाईट, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही, हेही मुद्दाम. प्राध्यापिकेने फक्त सारांश वाचला आहे. ‘जाता जाता सांगते, विषयात नवे काही दिसत नाही’ असे एक वाक्य त्यांनी घातले असते तर ते समीक्षणच झाले असते, तेही निबंध न वाचता आणि लेखकाला उत्तराची संधी न देता केलेले. स्तुतीचे वाक्यही तितकेच गैर, कारण लेखकांपैकी एक त्यांचा सहकारी आहे.

खरी मेहनत पर्यायी नावांमागे असते. मनात पहिल्यांदा येणारी नावे बहुधा त्या क्षेत्रातल्या मोठ्या माणसांची असतात, आणि संपादकाला ती आधीच ठाऊक असतात. ती माणसे निमंत्रणांखाली दबलेलीही असतात. पीएच.डी. होऊन काही वर्षे झालेले, स्वतः निबंध लिहिणारे तरुण संशोधक अनेकदा अधिक बारकाईने वाचतात, पण संपादकाला त्यांची ओळख नसते. ती करून देणे त्या विषयातल्या माणसालाच जमते.

नावे निवडताना निबंधाचे भाग पाडून पाहावे लागतात. नायट्रेट खतातून आले की शेणखत आणि मैलापाण्यातून, हे ओळखायला नायट्रोजनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजतात. त्यात एक पेच आहे. शेणखत आणि मैलापाणी यांची प्रमाणे एकमेकांत बरीच मिसळतात, त्यामुळे त्या एका मोजणीवरून या दोहोंत निवाडा करता येत नाही. लेखकांनी तसा निवाडा केला असेल, तर ती चूक समस्थानिकांवर काम करणाऱ्यालाच चटकन दिसेल. खडकाचा अभ्यासक ती सोडून देण्याची शक्यता आहे. उलट, एका विहिरीतली वाढ शेजारच्या विहिरीत का नाही, हा प्रश्न खडकाचा अभ्यासकच विचारील. म्हणून एका नावाऐवजी दोन, आणि प्रत्येकापुढे ते नाव का, हे सांगणारे एक वाक्य.

मग तपासणी. सुचवलेल्या माणसाने लेखकांपैकी कुणासोबत अलीकडे लिहिले आहे का, हे निबंधांच्या सूचीत दोन्ही नावे एकत्र शोधली की काही मिनिटांत कळते. स्वतःचे नातेही सांगावे लागते, जसे प्राध्यापिकेने समितीचे सांगितले. प्रकाशनातल्या नीतिनियमांसाठी १९९७ साली स्थापन झालेल्या ‘कोप’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत: पर्याय सुचवावा तो योग्यता पाहून, वैयक्तिक लोभ किंवा राग धरून नव्हे, आणि निबंधाचा अमुकच निकाल लागावा या हेतूने तर नव्हेच.

ई-मेल पत्ता संस्थेचाच का, याला कडू इतिहास आहे. बरीच नियतकालिके लेखकांनाही समीक्षकांची नावे सुचवू देत. दक्षिण कोरियातल्या एका संशोधकाने काही नावे खरी, काही बनावट दिली, पण पत्ते असे दिले की निमंत्रणे त्याच्याकडे किंवा त्याच्या ओळखीच्यांकडे पोहोचत. समीक्षणे अनुकूल येत आणि चोवीस तासांच्या आत येत. हा वेगच संपादकाला खटकला आणि २०१२ साली प्रकरण उघडकीस आले. २०१५ च्या मार्चमध्ये बायोमेड सेंट्रल या प्रकाशनाने अशाच बनावट समीक्षणांमुळे ४३ निबंध मागे घेतले, आणि २०१७ मध्ये ‘ट्यूमर बायोलॉजी’ या एकाच नियतकालिकातले १०७ निबंध मागे घेण्यात आले. तेव्हापासून सावध संपादक कुणीही सुचवलेले नाव संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळतात. नकारपत्रातच तिथला पत्ता दिला की हे काम हलके होते.

डॉ. अ यांना आधी फोन करून ‘तुम्हाला वेळ आहे का’ असे विचारले असते तर? हेतू चांगला असला तरी ती चूक ठरली असती. निबंध आलेला आहे, तो कोणाचा आहे, हे सगळे गोपनीय असते. विचारण्याचा अधिकार संपादकाचा. आपले निमंत्रण परस्पर विद्यार्थ्याच्या हाती देणेही याच कारणाने चालत नाही. विद्यार्थी सक्षम असेल तर त्याचे नाव संपादकाला कळवावे.

दरवेळी सरळ नकारच द्यावा लागतो असेही नाही. निबंधाचा एखादा भागच आपल्या आवाक्याबाहेरचा असेल, समजा त्यातली सांख्यिकी, तर ‘भूजलाचा भाग मी तपासतो, सांख्यिकीसाठी दुसरा जाणकार बघावा’ असे कळवता येते. अडचण फक्त वेळेची असेल तर नेमकी तारीख द्यावी, म्हणजे थांबायचे की नाही ते संपादक ठरवतो. सर्वांत महागात पडतो तो भिडेखातर दिलेला होकार. नकार मिळाला तर संपादक त्याच दिवशी पुढच्या नावाकडे वळतो; होकार देऊन समीक्षण आले नाही, तर मुदत उलटून स्मरणपत्रे वाया जाईपर्यंत त्याला काहीच करता येत नाही.

पत्र पाठवल्यावरही प्राध्यापिकेवर काही बंधने उरतात. सारांशात वाचलेली कल्पना निबंध प्रसिद्ध होईपर्यंत त्यांना स्वतःच्या कामात वापरता येत नाही. कोणाला विचारायला सुचवले, हे प्रकल्पातल्या सहकाऱ्याला सांगता येत नाही. संपादकाने त्यांची नावे घेतली की बाजूला ठेवली, हेही त्यांना बहुधा कळवले जात नाही, कारण निवड त्याची असते आणि समीक्षकांची नावे तो कुणापुढेच उघड करत नाही.